ओव्हरटाइमचा तास साध्या तासापेक्षा स्वस्त कसा?

मी दुबईत सात वर्षं टाइमकीपर होतो. सकाळी बसमधून माणसं उतरली की हजेरी, संध्याकाळी किती वाजता सुटले त्याची नोंद, आणि महिनाअखेरीला टाइमशीट अकाउंटला. हजारो तास मी माझ्या हाताने लिहिले. पण त्या तासांचे पैसे कसे होतात हे मला बरीच वर्षं नीट माहीत नव्हतं, हे कबूल करतो. चिपळूणकडचा एक पोरगा स्लिप घेऊन माझ्या खोलीवर आला, तेव्हा पहिल्यांदा कागद-पेन घेऊन बसलो.

त्याचा पगार सगळा मिळून १५०० दिरहम. त्या महिन्यात २६ दिवस कामावर, रोज दोन तास जादा, म्हणजे ५२ तास ओव्हरटाइम. स्लिपवर ओव्हरटाइमचे १९५ दिरहम. तो म्हणाला, "दादा, हे बरोबर आहे का?" मी म्हटलं, असेल. मग भागाकार केला. १९५ भागिले ५२, तासाला ३ दिरहम ७५ फिल्स. आणि त्याच्या साध्या तासाचे? १५०० ला ३० दिवसांनी भागा, मग ८ तासांनी. ६ दिरहम २५ फिल्स. म्हणजे दिवसभर राबून झाल्यावर, अंग दुखत असताना केलेला तास साध्या तासापेक्षा अडीच दिरहमने स्वस्त!

आपल्याकडे गावात विचारलं तर कोणीही सांगेल, ओव्हरटाइम म्हणजे दुप्पट. चाकणला किंवा ठाण्याला कारखान्यात काम केलेल्यांना ते पाठ असतं. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये तसं लिहिलं होतं, आणि तिथे दुप्पट धरताना भत्तेही मोजायचे. इथे यूएईत तसं नाही. २०२१ चा ३३ नंबरचा कामगार कायदा आहे, त्याचं कलम १९ म्हणतं की जादा तासाला बेसिकच्या हिशोबाने तासाचा पगार आणि त्यावर कमीत कमी २५ टक्के. बेसिकच्या हिशोबाने. सगळी मेख या एका शब्दात आहे.

१५०० मधले बेसिक किती, हे मालक लिहितो. समजा बेसिक १२०० आणि भत्ते ३००. मग बेसिकचा तास ५ दिरहम, २५ टक्के वाढवून सव्वासहा. तेच बेसिक ७२० आणि भत्ते ७८० लिहिले, तर तास ३ दिरहम, वाढवून पावणेचार. पगार तोच, काम तेच, फरक फक्त कागदावर. महिन्याला ५२ तास धरले तर एकाला ३२५, दुसऱ्याला १९५. वर्षाचा फरक १५६० दिरहम, म्हणजे एका महिन्याच्या पगारापेक्षा जास्त. ग्रॅच्युइटीही बेसिकवरच निघते. पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक: एकाचे ८४०, दुसऱ्याचे ५०४.

म्हणून माझं सरळ मत आहे: ओव्हरटाइमची भांडणं आपण चुकीच्या ठिकाणी करतो. फोरमनशी अर्ध्या तासासाठी वाद घालतो, आणि गावी एजंटच्या ऑफिसात ऑफर लेटरवर बेसिक न बघता सही करतो. ऑफर लेटर हिंदीतही मिळतं, मागून घ्या. त्यात "टोटल" नंतर बघा, आधी "मूळ वेतन" बघा. "ड्युटी १० तास, ओव्हरटाइम धरून" असं कोणी तोंडी सांगत असेल तर तिथेच विचारा की आठ तासांचे किती आणि दोन तासांचे किती. एकदा सही झाली की ७२० वरचा हिशोब कायद्याप्रमाणे बरोबरच ठरतो, मग तक्रार करून काही हाती लागत नाही.

त्या पोराच्या बाबतीत मात्र गोष्ट वेगळी निघाली. त्याला म्हटलं, मोहरेच्या ॲपवर तुझं कॉन्ट्रॅक्ट उघड. त्यात बेसिक १२०० होतं. कंपनी ओव्हरटाइम काढत होती ७२० वर! मंत्रालयाला एक आकडा, अकाउंटच्या कॉम्प्युटरमध्ये दुसरा.

हे ओळखायला टाइमकीपर लागत नाही, मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरतो. स्लिपवरच्या ओव्हरटाइमच्या रकमेला तासांनी भागा. आलेल्या आकड्याला १.२५ ने भागा. मग २४० ने गुणा (३० दिवस गुणिले ८ तास; बहुतेक कंपन्या असाच भाग पाडतात). जे येईल ते कंपनीने धरलेलं बेसिक. कॉन्ट्रॅक्टमधल्या बेसिकशी जुळलं तर ठीक. बरोबर पाचवा हिस्सा कमी आलं, म्हणजे १२०० च्या जागी ९६०, तर समजा की २५ टक्के दिलेच नाहीत, सिंगल रेटने पैसे टाकलेत. आणि आकडा असाच कुठलातरी आला, तर एक तर बेसिक दुसरं धरलंय किंवा तास कापलेत. तास कापले का, हे तुमच्या स्वतःच्या वहीशिवाय कळणार नाही. म्हणून वही ठेवा. कितीला आलो, किती वाजता सुटलो, एवढंच रोज लिहा.

तास कापण्यावरून आठवलं. कायद्यात जादा कामाची मर्यादा दिवसाला दोन तास आहे, आणि तीन आठवड्यांत सगळे मिळून १४४ तास. आठवड्याला ४८ च होतात हे! म्हणजे रोज दोन तास, वर्षभर, ही आपली जी सवय झालीय ती मुळात कायद्यात बसतच नाही. माझ्या कंपनीत साहेब सांगायचे, शीटवर दोनपेक्षा जास्त दाखवू नको, इन्स्पेक्शन आलं तर अडचण होते. मी चार तासांचे दोन लिहिले आहेत. आज त्याची लाज वाटते. मर्यादा मालकासाठी आहे. ती त्याने मोडली म्हणून तुमचा केलेला तास फुकट का जावा? पण शीटवर नसलेला तास सिद्ध करायचा तर तीच वही, बसच्या वेळा, सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज हेच कामाला येतात.

आता रात्रीचं. यावरून कॅम्पमध्ये फार गैरसमज आहे. जादा तास रात्री १० ते पहाटे ४ मध्ये पडला तर २५ च्या जागी ५० टक्के. जादा तास, हे लक्षात घ्या. उन्हाळ्यात स्लॅब रात्री ओततात, तेव्हा गॅंग दुपारी ३ ला लागते. एक तास जेवणाचा सोडला तर आठ तास रात्री १२ ला भरतात. त्यामुळे १० ते १२ चे दोन तास रात्रीचे असले तरी साधेच. काँक्रीट संपलं नाही आणि २ पर्यंत थांबवलं, तर ते दोन तास ५० टक्क्यांचे. १२०० बेसिकवर तासाला साडेसात दिरहम, दोन तासांचे १५.

पण जे शिफ्टमध्ये काम करतात, आठवडा दिवसपाळी, आठवडा रातपाळी, त्यांना हे ५० टक्के कायद्याने लागू नाहीत. त्यांच्या जादा तासाला २५ च. मला हे पटत नाही. रात्री अडीचला मशीनपुढे उभं राहणाऱ्याची झोप शिफ्टवाला म्हणून कमी मोडते का? पण नियम तसा आहे, आणि माहीत नसताना तक्रार केली तर तोंडावर पडायची वेळ येते. शिवाय ज्या कामाचं चक्र थांबवताच येत नाही अशा सलग पाळ्यांच्या कामांना तासांच्या मर्यादेतूनही सूट आहे, सरासरी आठवड्याला ५६ तासांपर्यंत. प्लांटमध्ये असाल तर आधी हे तपासा.

सुट्टीच्या दिवसाचा हिशोब तासावर नाही, दिवसावर आहे. आठवड्याची सुट्टी आता शुक्रवारच असेल असं नाही, कॉन्ट्रॅक्टमध्ये जो वार लिहिला तो. त्या दिवशी बोलावलं तर बदली सुट्टी द्यायची, नाहीतर त्या दिवसाचा पगार आणि वर त्या दिवसाच्या बेसिकचे कमीत कमी ५० टक्के. ईद, नॅशनल डे अशा सरकारी सुट्टीलाही हाच नियम, कलम २८. आपल्या पोराचं उदाहरण घ्या. दिवसाचा पगार १५०० भागिले ३०, म्हणजे ५०. बेसिकचा दिवस ४०, त्याचे निम्मे २०. एकूण ७०.

इथे अकाउंटवाले एक युक्ती करतात. म्हणतात, तू महिन्याच्या पगारावर आहेस, सुट्टीचे ५० त्यात आलेच, वरचे २० घे. मला हे मान्य नाही. महिन्याच्या पगारात सुट्टीचे पैसे आहेत ते सुट्टी भोगण्याचे. ती तर तुम्ही भोगलीच नाही. कायद्याची भाषाही "त्या दिवसाचा पगार द्या आणि वाढ द्या" अशीच आहे. म्हणून स्लिपवर सुट्टीच्या दिवसाचे पगाराबाहेर ७० दिसले पाहिजेत, यावर अडून राहा. आणि बदली सुट्टी दिली म्हणत असतील तर ती कोणत्या तारखेला, ते लेखी मागा. "पुढे बघू" वाली सुट्टी मी सात वर्षांत कोणाला मिळालेली पाहिली नाही. लागोपाठ दोन सुट्ट्यांपेक्षा जास्त कामावर बोलवायलाही मनाई आहे. रोजंदारीवाले तेवढे यात धरलेले नाहीत.

तर तो पोरगा. महिन्याला १३० कमी, असे १४ महिने, एकूण १८२० दिरहम. आधी मी त्याला अकाउंटला अर्ज द्यायला लावला, कॉन्ट्रॅक्टची प्रिंट आणि १४ स्लिपा जोडून, तारखेसह पोच घेऊन. आठ दिवसांत सहा महिन्यांचे ७८० टाकले, बाकीचं "जुनं झालं" म्हणाले. जुनं झालं नव्हतं. २०२४ मध्ये कायदा बदलला, आता नोकरी संपल्यापासून दोन वर्षं दावा करता येतो. मोहरेच्या ॲपवर तक्रार टाकली, फी नाही. ५० हजार दिरहमपर्यंतचा दावा मंत्रालय स्वतःच निकाली काढू शकतं, कोर्टात जायची वेळ लगेच येत नाही. सुनावणीच्या आधीच उरलेले १०४० खात्यात आले.

पुढच्या महिन्यात त्याच्या खोलीतले आणखी अकरा जण स्लिपा घेऊन माझ्याकडे आले. सात जणांचं कॉन्ट्रॅक्टमध्येच बेसिक ७२० होतं. त्यांना मी काही मिळवून देऊ शकलो नाही.