फुगवटा पलीकडं का येतो?

दहावी-बारावीच्या पोरांच्या हातात हल्ली एक छापील कागद दिसतो. वर धड्याचं नाव, खाली मुद्दे, प्रत्येक मुद्द्यापुढं दोन चौकटी : 'समजले' आणि 'समजले नाही'. क्लासवाले वाटतात, झेरॉक्सवाला छापतो. पोरगं काय करतं? ओळीनं 'समजले'वर टिका मारतं आन् मोकळं होतं. कारण 'समजले नाही'वर टीक मारली की सर वर बघतात, बाजूचं पोरगं हसतं. मग कोण मारील?

दोस्तहो, ही स्वतःची परीक्षा नव्हे. हा हजेरीपट आहे.

मूळ कल्पना या कागदाची नव्हती. मूळ कल्पना अशी, की एक विषय घ्यायचा आणि ज्याला त्यातलं काही ठाऊक नाही अशा माणसाला तो सोप्या शब्दांत सांगायचा. सांगता सांगता जिथं अडखळलं, तिथंच खूण करायची. ती खूण म्हणजे पोकळी. मग फक्त त्या पोकळीपुरतं पुस्तक उघडायचं. रिचर्ड फाइनमन या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या नावानं ही रीत चालते. तिच्या पायऱ्या अशा आखून त्यानं कुठं दिलेल्या नाहीत, नाव मागाहून इतरांनी चिकटवलं. पण माणूस त्यातलाच होता. 1951-52 साली तो ब्राझीलला शिकवायला गेला. तिथल्या विद्यार्थ्यांना परावर्तित प्रकाशाचे नियम तोंडपाठ. यानं त्यांच्या हातात ध्रुवीकरण दाखवणारी पट्टी दिली आणि खिडकीबाहेरच्या खाडीवर चमकणारं ऊन तिच्यातून बघायला लावलं. ज्याची व्याख्या ते रोज घोकत होते तेच समोर होतं, आणि कुणालाच ते तसं वाटलं नव्हतं! हा किस्सा त्यानं 1985 च्या आपल्या पुस्तकात सांगितलाय.

आपल्याला त्यात नवल वाटायचं कारण नाही. अर्थ न विचारता म्हणून दाखवणं म्हणजे ज्ञान, ही या देशाची फार जुनी खोड. ज्यांना म्हणायचीच बंदी होती त्यांच्या पोरांनी तरी ती उचलू नये, एवढंच माझं मत.

आता नुसतं मत सांगून भागत नाही, म्हणून एक कागद उलगडून दाखवतो. विषय आहे भरती-ओहोटी. मी गोदीत मजुरी करतो, आंबिवलीहून जातो, म्हणून हा विषय मला जवळचा. पण कागद माझा नाही, आमच्या आळीतल्या एका पोरीचा आहे. नाव नको.

तिचा पहिला कागद चार वाक्यांचा होता. चंद्राच्या गुरुत्वाकर्षणामुळे समुद्राचे पाणी खेचले जाते. विरुद्ध बाजूस केंद्रोत्सारी बलामुळे भरती येते. दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी होते. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे जाते. परीक्षेत याला पुरते गुण. छापील कागदावर चारही ठिकाणी 'समजले'.

मग तिला कोरा कागद दिला. फुलस्केप, उजवीकडं चार बोटं समास सोडलेला. वर विषयाचं नाव लिहायचं नाही, प्रश्न लिहायचा : समुद्राला दिवसातून दोनदा भरती का येते? खाली घरातल्या आजीला सांगावं तसं लिहायचं, आजी समजते त्या बोलीत. पुस्तक बंद. आणि तीन खुणा. जो शब्द वापरला पण फोडून सांगता येत नाही, त्याला गोल. जिथं एका वाक्यावरनं दुसऱ्यावर उडी मारावी लागली, मधला दुवा सापडला नाही, तिथं समासात आडवी रेघ. आणि आजी 'का गं?' म्हणाली तर जिथं तोंड बंद पडेल, तिथं प्रश्नचिन्ह. खुणा लिहिता लिहिताच करायच्या. लिहून झाल्यावर वाचलं की सगळं गुळगुळीत वाटतं.

अर्ध्या तासात पाच खुणा पडल्या. त्यातल्या दोन सांगतो, बाकीच्या किरकोळ होत्या.

पहिला गोल 'केंद्रोत्सारी बला'वर. पोरगी म्हणाली, बाहेर फेकणारं बल. बरं, पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून फेकतं काय? हो. मग ते चारी बाजूंनी फेकील की. चंद्राच्या पलीकडच्याच अंगाला फुगवटा का? इथं तोंड बंद. म्हणजे गोलाखाली प्रश्नचिन्ह दडलं होतं. जड शब्दाचं हेच काम असतं, राव. तो पोकळीवर झाकण घालतो आणि झाकणालाच आपण जमीन समजतो.

उत्तर सापडायला तिला दोन दिवस लागले. चंद्राची ओढ जवळच्याला जास्त, लांबच्याला कमी. चंद्राकडचं पाणी सगळ्यात जवळ, त्याला जास्त ओढ. पृथ्वीचा मधला गोळा त्याहून लांब, त्याला कमी. पलीकडचं पाणी सगळ्यात लांब, त्याला सगळ्यात कमी. तिनं आजीसाठी लिहिलं ते असं : एका रांगेत तीन पोरं पळतायत. पुढचं जोरात, मधलं जरा हळू, मागचं आणखी हळू. मधल्या पोरानं बघितलं तर एक पुढं गेलं आणि एक मागं राहिलं. दोघंही त्याच्यापासनं लांबच गेले. तसा एक फुगवटा चंद्राकडं, दुसरा पलीकडं. पृथ्वीची गिरकी आपल्याला या दोन्ही फुगवट्यांखालनं नेते, म्हणून दोन भरत्या.

पुस्तकातलं बल खोटं नाही. पृथ्वी आणि चंद्र दोघं मिळून एका सामाईक केंद्राभोवती फिरतात, त्या फिरण्याचं ते बल आहे. पृथ्वीच्या रोजच्या गिरकीचं नव्हे. पण हा फरक शब्द पाठ केल्यानं कधीच कळला नसता.

दुसरी खूण आडवी रेघ, '50 मिनिटां'पाशी. आकडा पाठ, दुवा गायब. दुवा साधा आहे. पृथ्वीची एक गिरकी होईस्तोवर चंद्र पुढं सरकलेला असतो. अमावास्येपासनं अमावास्येपर्यंत साधारण 30 दिवस, फेरा 360 अंशांचा, म्हणजे दिवसाला 12 अंश. पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात. 12 चोक 48. पुस्तकातले 50 ते हेच. कोळ्यांकडं आणि कोकणात याचाच जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता. दर तिथीला पाऊण तास, म्हणजे 45 मिनिटं. मोघम हिशोब आहे, कधी तासभरही चुकतो, पण मुळात तोच चंद्राचा 12 अंशांचा सरकाव. पोरीच्या आजीला तिथी कळते, अंश कळत नाहीत. त्या दिवशी आजीनंच तिला पाऊणपट शिकवली. हे छापील कागदात बसलं असतं का?

आता मर्यादा, कारण या रीतीचंही देव्हाऱ्यात बसवायचं काम सुरू झालंय.

एक तर ही रीत अडखळणं पकडते, चूक पकडत नाही. माणूस चुकीचं पण घडाघडा सांगत असेल तर एकही खूण पडणार नाही. आपल्या पोरीचा 'पृथ्वी फिरते म्हणून पलीकडं फेकते' हा खुलासा कुणी 'का' विचारलं नसतं तर आरामात पास झाला असता. म्हणून समोर ऐकणारा पाहिजे, नाहीतर कागद लिहून झाल्यावर जगाशी ताडून बघायला पाहिजे. तिनं ताडलं तेव्हा आणखी एक भोक दिसलं. चंद्राच्या ओढीचा सरळ हिशोब केला तर भर समुद्रात पाणी जेमतेम अर्धा मीटर वरखाली व्हायला हवं. मुंबईत उधाणाच्या भरतीला पाणी 4 मीटरच्या वर चढतं. इंदिरा गोदीला 1914 सालापासनं दरवाजे आहेत ते त्याचसाठी : बाहेर ओहोटी लागली तरी आतलं पाणी, आणि पाण्यावरची जहाजं, वरच राहावीत. मग अर्ध्या मीटरचे चार मीटर कुठनं झाले? किनाऱ्याचा आकार, उथळ तळ, आत चिंचोळं होत जाणारं पाणी. एवढं कळलं, पण नेमका हिशोब तिच्या आवाक्याबाहेरचा आहे. तिनं तिथं प्रश्नचिन्ह तसंच ठेवलंय. ठेवू द्या.

दुसरं, सगळं काही समजावून सांगण्यासारखं नसतं. सनावळ्या, शब्दार्थ, संयुजा हे आठवून आठवूनच बसतं. गणितात रीत समजली तरी उदाहरणं सोडवल्याशिवाय हात बसत नाही. एका विषयाला अर्धा तास आणि परत दोन-तीन दिवसांनी कोरा कागद, एवढा वेळ सगळ्या पुस्तकाला देणं होत नाही. संध्याकाळी कामावर जाणाऱ्या पोराला तर नाहीच. धड्यात जिथं 'कारण', 'म्हणून', 'त्यामुळे' येतं तेवढेच विषय यासाठी निवडावेत.

आणि तिसरं, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो. येल विद्यापीठातल्या रोझेनब्लिट आणि कील या दोघांनी 2002 साली एक अभ्यास छापला. लोकांना विचारलं, चेन, कुलूप, संडासाचा फ्लश कसा चालतो हे तुम्हाला किती कळतं, 1 ते 7 मध्ये सांगा. लोकांनी ऐसपैस आकडे दिले. मग म्हणाले, आता पायरी-पायरीनं लिहून दाखवा. लिहिल्यावर परत आकडा विचारला तर तो खाली आला. म्हणजे 'समजले'ची टीक आधी घेतली तर ती फुगलेलीच येणार. शिकलेल्यांचीही. टीक मागायचीच असेल तर सांगून झाल्यावर मागा.

पण आमच्याकडं काय चाललंय? कागद गोळा करतात, खुणा मोजतात, ज्याच्या कमी खुणा तो हुशार. मग पोरं खुणा लपवायला शिकतात. खरं पाहता दुसऱ्या कागदावर खुणा वाढल्या तर ते बऱ्याचदा चांगलं लक्षण असतं. आपल्या पोरीच्या पहिल्या कागदावर पाच खुणा, दुसऱ्यावर सहा. जुन्या पाचातल्या चार भरल्या होत्या, एक उरली, आणि पाच नव्या : सूर्य एवढा मोठा असून त्याची भरती चंद्राच्या निम्म्याहून कमी का? सारखी ओढ असून पृथ्वी चंद्रावर आपटत का नाही? हे प्रश्न चार वाक्यं पाठ असताना तिला पडलेच नव्हते. मोजायचंच असेल तर एकच मोजावं : जुनी खूण त्याच जागी परत आली का. परत आली तर तिथं पुस्तक वाचलं गेलं नाही, नुसतं बघितलं गेलं.

म्हणून विहारातल्या, समाजमंदिरातल्या अभ्यासिका चालवणाऱ्या मित्रांना सांगणं आहे. छापील चौकटी बंद करा. कोरे पाठकोरे कागद ठेवा. कागद पोरांकडंच राहू द्या, त्यावर गुण नकोत, सही नको. दोघादोघांनी बसवा, एकानं सांगायचं, दुसऱ्यानं फक्त 'का' विचारायचं, मधे उत्तर द्यायचं नाही. ऐकणारा त्या विषयातला ढ असला तर उत्तमच. आणि प्रमाण मराठीचा हट्ट पहिल्या कागदाला धरू नका, बोलीत लिहू द्या. पेपरात काय भाषा लिहायची ते शेवटच्या दिवशीही शिकता येतं. पोरीनं तिसऱ्या कागदावर तिची तीन पळणारी पोरं परीक्षेच्या भाषेत बसवली, आठ ओळी झाल्या. केंद्रोत्सारी बलही आलं त्यात, गोलाशिवाय.