‘फ्रीलान्सिंग’ लिहून टाक म्हणे

आयटीत गॅप पडलेल्या माणसाला मिळणारा पहिला सल्ला ठरलेला असतो. ‘फ्रीलान्सिंग लिहून टाक, कोण बघतंय?’ असं सांगणारे वाईट नसतात, बहुतेकदा कॉलेजातले सीनियरच असतात आणि त्यांना आपली खरंच काळजी असते. पण नीतिमत्ता क्षणभर बाजूला ठेवली तरी हा सल्ला चुकीचा आहे, कारण बघणारे असतात.

ऑफर लेटर आलं की बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन सुरू होतं. ते करणारी एजन्सी अनेकदा पीएफची सर्व्हिस हिस्टरी मागते. तिथे प्रत्येक कंपनीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख नोंदलेली असते, त्यामुळे जुनी नोकरी चार महिने लांबवून लिहिणारा तिथेच सापडतो. फ्रीलान्सिंग लिहिलं असेल तर इन्व्हॉइस मागतात, बँकेत जमा झालेले पैसे मागतात, इन्कम टॅक्स रिटर्न मागतात. आणि हे सगळं कधीकधी रुजू झाल्यावर चालू असतं. तोवर दुसरी ऑफर नाकारलेली असते. तेव्हा पकडलं गेलात तर कारण ‘गॅप’ हे नसतं, ‘खोटी माहिती’ हे असतं. अंथरुणाला खिळलेल्या आईबापाचं केलं आणि शेरा मात्र फसवणुकीचा, असला हा सौदा आहे.

माझ्या रिझ्युमेत जून 2021 ते डिसेंबर 2023 असा गॅप आहे. वडिलांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या आणि त्यांचं पोटातून डायलिसिस घरीच करायचं ठरलं. त्यात पोटात बसवलेल्या नळीतून दोन लिटर द्रव आत सोडायचा, काही तास ठेवायचा, काढून टाकायचा आणि नवा सोडायचा. दिवसाला चार वेळा. एका वेळेला साधारण अर्धा तास. त्यांना मधुमेहाने नीट दिसत नव्हतं, त्यामुळे नळी जोडायचं काम माझं. बाहेर काढलेला द्रव स्वच्छ, पिवळसर हवा. तो गढूळ दिसला तर पोटात संसर्ग झाल्याची शंका घ्यायची आणि तडक दवाखाना गाठायचा.

‘पण तेव्हा तर वर्क फ्रॉम होम होतं, नोकरी का सोडलीत?’ हा प्रश्न मला प्रत्येक मुलाखतीत आला. हिशोब सोपा वाटतो : चार गुणिले अर्धा तास, म्हणजे दोन तास. बाकीचा दिवस मोकळा. मी ऑनकॉलवर होतो. प्रॉडक्शन पडलं की फोन वाजतो. तोंडाला मास्क, हात धुतलेले, नळीचं टोक उघडं अशा वेळी तो उचलता येत नाही. उचललात तर तोच तो संसर्ग. दोन तासांचं काम दिवसाचे पाच तुकडे करतं, आणि त्या तुकड्यांत बसेल अशी नोकरी माझ्याकडे नव्हती. मुलाखतीत मी एवढंच सांगायचो, आणि ज्याने कधी ऑनकॉल केलंय त्याला ते लगेच कळायचं.

आता दुसरा सल्ला, जो मला पहिल्यापेक्षा जास्त खटकतो. गॅप लपवू नका, सजवा! लिंक्डइनवर अशी प्रोफाइल्स ढिगाने आहेत. आईची शुश्रूषा केली की ते ‘स्टेकहोल्डर मॅनेजमेंट’, औषधांचा खर्च सांभाळला की ‘बजेट ऑप्टिमायझेशन’. मीही रोज वहीत आत गेलेला द्रव, बाहेर आलेला द्रव, वजन आणि बीपी लिहीत होतो. ती दोनशे पानी वही होती, डेटा अ‍ॅनालिटिक्स नव्हे. घरात डायलिसिसच्या पिशव्यांचे खोके छतापर्यंत रचलेले असायचे, त्याला मी सप्लाय चेन म्हणणार नाही. असं भाषांतर करणं म्हणजे कंपनीचं म्हणणं आधीच कबूल करणं : ऑफिसच्या शब्दांत बसत नाही ते काम नाही. आणि व्यवहारात तोटा वेगळाच. समोरच्या इंजिनिअरला ते वाचून हसू येतं, मग तो तुमच्या खऱ्या तीन वर्षांच्या अनुभवाकडेही संशयाने बघतो.

लिंक्डइनने 2022 साली Career Break अशी वेगळी नोंद करायची सोय दिली आहे. त्यात Caregiving हा पर्याय आहे, तो सरळ निवडावा. रिझ्युमेत नोकऱ्यांच्या रांगेतच, तारखांसकट, एक ओळ लिहावी. माझी अशी होती : ‘जून 2021 – ऑगस्ट 2023 : नोकरीतून विराम, वडिलांची घरी पूर्णवेळ शुश्रूषा.’ आजाराचं नाव नाही. हे मुद्दाम. गॅप माझा आहे, पण आजार त्यांचा होता, आणि गावात शेजाऱ्यांनाही न सांगितलेली गोष्ट मी दोनशे अनोळखी रिक्रूटरांना का सांगावी? इथे मी सांगतोय ते आईला विचारून.

ओळ ऑगस्टलाच थांबते, कारण वडील ऑगस्टमध्ये गेले. गॅप मात्र डिसेंबरपर्यंत आहे. हे चार महिने शुश्रूषेतच घुसडून दे, कोण विचारणार, असंही सुचवलं गेलं. मी दुसरी ओळ लिहिली : ‘सप्टेंबर – डिसेंबर 2023 : कौटुंबिक कारणं, पुन्हा कामाची तयारी.’ त्यात बँकेच्या फेऱ्या होत्या, आईची फॅमिली पेन्शन होती आणि बरेच दिवस नुसतं बसणं होतं. ‘कौटुंबिक कारणं’ यात ते सगळं मावतं आणि एकही शब्द खोटा नाही.

तयारीबद्दल मात्र मोघम लिहून चालत नाही. रिक्रूटरची खरी भीती, माणूस गंजला असेल ही. ती वाजवी आहे. मी गेलो तेव्हा आमचं सगळं जावा 11 वर होतं. मध्यंतरी, नोव्हेंबर 2022 मध्ये, स्प्रिंग बूट 3 आलं. त्याला किमान जावा 17 लागतं, आणि जुन्या प्रोजेक्टमधल्या या ओळी त्यावर चालत नाहीत :

```java
import javax.persistence.Entity;   // जुनं
import jakarta.persistence.Entity; // नवं
```

मी माझा जुना छोटा प्रोजेक्ट नव्या आवृत्तीवर नेला आणि दुसऱ्या ओळीखाली तेवढंच लिहिलं, कोडच्या लिंकसह. ‘सतत अपडेटेड होतो’ असं लिहिलं असतं, तर पहिल्याच तांत्रिक प्रश्नाला उघडा पडलो असतो.

रिक्रूटरची दुसरी भीती : परत सोडून जाल का? एकाने मला आधी ‘श्रावणबाळ’ म्हटलं आणि मग हेच विचारलं. माझ्या मामेबहिणीने आईसाठी वर्षभर सुट्टी घेतली होती. तिला कुणी श्रावणबाळ म्हटलं नाही, लग्न कधी करताय ते विचारलं. ज्यांचे आईवडील अजून आजारी आहेत, त्यांनी ‘आता सगळं ठीक आहे’ असं म्हणू नये. ‘दिवसा मदतनीस आहे, महिन्यातून एक दिवस तपासणीला जावं लागेल’ असं सांगावं. हा प्रश्न विचारणाऱ्यांना एक आठवण करून द्यायला हवी : 2007 चा कायदा आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकतो, पण खासगी नोकरीत त्यांच्या शुश्रूषेसाठी वेगळी रजा द्या असं सांगणारा केंद्रीय कायदा नाही. राजीनामा हीच रजा असेल, तर गॅप कुणी निर्माण केला?

हे लिहून सगळीकडे दार उघडतं असं नाही. काही जाहिरातींतच ‘एक वर्षाहून अधिक गॅप नको’ असं असतं. तिथे माणसाने वाचायच्या आधीच अर्ज गळतो, ओळ कितीही खरी असो. अशा ठिकाणी मी पोर्टलवरून अर्ज करणं सोडलं आणि आत काम करणाऱ्या ओळखीच्यांकडून रिझ्युमे पाठवला. पाठवताना त्या दोन ओळी त्यांनाही जशाच्या तशा दिल्या, म्हणजे मॅनेजरने विचारलं तर त्यांनी प्रेमापोटी ‘फ्रीलान्सिंग करत होता’ असं सांगू नये.