हक्काच्या पत्रात माफीचे काय काम?

महाराष्ट्रातील कोणत्याही औद्योगिक वसाहतीत साहेबाला लिहिलेला निरोप पाहावा. कागदाच्या जागी मोबाइल आला, परंतु भाषा अजून ‘मायबाप सरकार’च्या अर्जाचीच आहे. पॅकिंग विभागातील एका कामगार स्त्रीचा जून महिन्याचा ओव्हरटाइम पगारात आला नाही, असे समजू. व्यवस्थापकासाठी तिने केलेला कच्चा मसुदा साधारणतः असा असतो :

‘साहेब, आपला अमूल्य वेळ घेत आहे, माफी असावी. कदाचित माझीच समजण्यात चूक झाली असेल, पण ओव्हरटाइमचे पैसे बहुधा जमा झाले नसावेत असे वाटते. सवड मिळाल्यास पाहिलेत तर फार उपकार होतील. चुकले असल्यास क्षमा करावी.’

यात दोन माफ्या आहेत, चार शंका आहेत आणि एक उपकार आहे. नाही ती फक्त मागणी. किती तास, किती रुपये, कोणत्या तारखेपर्यंत, यांपैकी काहीही साहेबाला कळत नाही. मसुदा सैल आहे की नाही हे ओळखण्याची खूण हीच : वाचणाऱ्याने नेमके काय करायचे, हे एका वाचनात सांगता येत नसेल तर नम्रतेने मजकूर गिळला आहे, असे खुशाल समजावे.

अशा मसुद्याला कात्री लावताना सरसकट सर्व नरम शब्द कापणे मात्र चूक ठरेल. प्रत्येक शंकेला एकच प्रश्न विचारावा : ही गोष्ट खरोखरच अनिश्चित आहे काय? पैसे जमा झाले की नाही हे पगारपत्रकात स्पष्ट दिसते. तेथे ‘नसावेत असे वाटते’ नव्हे, ‘झालेले नाहीत’ एवढेच लिहावे. उलट, नऊ दिवसांपैकी एका दिवशी तिने बाहेर पडताना कार्ड पंच केले नसेल, तर त्या दोन तासांची नोंद खरोखरच अपुरी आहे. शंकेची जागा तेथे आहे, आणि पंच करायचे राहिले ही तिची चूक असल्याने दिलगिरीची जागाही तेथेच आहे. ती एकदा व्यक्त करावी आणि लगेच उपाय सांगावा.

‘उपकार’ हा शब्द तर मुळातूनच काढला पाहिजे. जादा कामाला दुप्पट दर हे १९४८ च्या कारखाना कायद्याने ठरवले आणि २०१९ च्या वेतन संहितेनेही ते कायम ठेवले. कायद्याने जे देणे आहे ते मालकाच्या औदार्यात जमा करणे म्हणजे हक्काची भीक करणे होय. ‘माझीच चूक असेल’ हे वाक्य त्याहूनही घातक. उद्या प्रकरण कामगार अधिकाऱ्यापुढे गेले, तर तिच्याच हातचे हे वाक्य मालकाचा वकील पुढे करील.

तिची रोजची मजुरी आठ तासांना ६०० रुपये धरली, तर तासाला ७५ आणि दुप्पट दराने १५० रुपये होतात. नऊ दिवस रोज दोन तास म्हणजे १८ तास, एकूण २,७०० रुपये. सुधारलेला मसुदा असा :

‘साहेब, नमस्कार. जूनमध्ये नऊ दिवस मिळून माझा १८ तास ओव्हरटाइम झाला. जूनच्या पगारात त्याचे पैसे जमा झालेले नाहीत. दुप्पट दराने २,७०० रुपये येणे आहे. यांपैकी १४ तारखेला बाहेर पडताना कार्ड पंच करायचे माझ्याकडून राहिले, त्याबद्दल दिलगीर आहे. त्या दोन तासांची खात्री सुपरवायझरकडून करून घ्यावी. रक्कम २० जुलैपर्यंत जमा करून तसे कळवावे, ही विनंती.’

यात ‘साहेब’ आहे, ‘नमस्कार’ आहे, ‘विनंती’ही आहे. सभ्यता कोठेच गेली नाही. गेली ती लाचारी. एका दिवसाविषयीची शंका उघडपणे सांगितल्यामुळे उरलेल्या आठ दिवसांचे १६ तास आणि २,४०० रुपये अधिकच पक्के झाले आहेत.

परंतु भाषेची मर्यादाही ओळखली पाहिजे. माफीची ही सवय हा त्या स्त्रीचा स्वभावदोष नव्हे. कंत्राटदार उद्या फाटकावरून परत पाठवील, हे जिला ठाऊक आहे तिचे ‘कदाचित’ हे अनुभवातून आलेले शहाणपण असते. तिला नुसते ‘धीट हो’ सांगणे म्हणजे जोखीम तिच्या एकटीच्या माथी मारणे आहे. म्हणून कार्यकर्त्याने मसुदा सुधारून देऊन थांबू नये. त्याच विभागात आणखी कोणाचे तास बुडाले आहेत याची चौकशी करावी, प्रत्येकीचे तास आणि रक्कम एका तक्त्यात मांडावी, आणि पत्र सर्वांच्या सह्यांनी किंवा युनियनच्या नावाने जावे. ‘येणे आहे’ हे दोन शब्द एकटीने लिहायला जड जातात. वीस सह्यांखाली ते सहज लिहिले जातात.