आई-बाबा अमेरिकेला निघालेत? हा नंबर आजच सेव्ह करा

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या बहुतेक आई-वडिलांच्या बॅगेत प्रवास विम्याची पॉलिसी असते, पण तिच्यावरचा एक फोन नंबर घरात कुणाच्याच मोबाइलमध्ये नसतो. तो एजंटचा नंबर नव्हे. परदेशातल्या हॉस्पिटलशी बोलायला विमा कंपनीने नेमलेल्या असिस्टन्स कंपनीचा तो नंबर, चोवीस तास चालू असणारा. कॅशलेसची वाट तिथूनच सुरू होते. म्हणून ज्यांच्या घरचं कुणी निघालंय किंवा तिकडे पोहोचलंय, त्या सर्वांना कळकळीची विनंती: पॉलिसीचे कागद आत्ता बाहेर काढा आणि पुढचं वाचा.

समजा, नाशिकचे ६७ वर्षांचे गृहस्थ न्यू जर्सीला मुलीकडे आहेत. मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. रात्री दोन वाजता छातीत दुखू लागतं, घाम फुटतो. अशा वेळी नेटवर्कमधलं हॉस्पिटल शोधत बसू नका. ९११ लावा, ॲम्ब्युलन्स नेईल त्या हॉस्पिटलात जा. विमा असो-नसो, इमर्जन्सीत आलेल्या रुग्णाला तपासून त्याची प्रकृती स्थिर करणं तिथल्या जवळपास सर्व हॉस्पिटलांना १९८६च्या कायद्याने बंधनकारक आहे. मात्र या कायद्याने बिल माफ होत नाही. दुखणं साधं असेल, म्हणजे ताप किंवा मुरगळलेला पाय, तर अर्जंट केअर गाठा. इमर्जन्सीपेक्षा तिथे खर्च बराच कमी येतो.

बाबा आत तपासणीत असताना जावयाने असिस्टन्स कंपनीला फोन करावा. पॉलिसी क्रमांक, पासपोर्ट क्रमांक, हॉस्पिटलचं नाव आणि लक्षणं सांगून केस नंबर घ्यावा. नोंदणीच्या खिडकीवर भारतीय पॉलिसी बहुधा ओळखत नाहीत आणि रुग्णाची नोंद ‘सेल्फ पे’ म्हणून करून मोकळे होतात. तिथे केस नंबर आणि असिस्टन्स कंपनीचा फोन लिहून घ्यायला लावा. रुग्णाची माहिती विमा कंपनीला द्यायला परवानगी देणाऱ्या फॉर्मवर बाबांची सही तेव्हाच घ्या. ती नसेल तर हॉस्पिटल विमा कंपनीला कागद द्यायला बहुधा तयार होत नाही, आणि कागदांशिवाय पैसे भरण्याची हमी देणारं पत्र निघणार नाही.

आता खरी मेख. बऱ्याच भारतीय पॉलिसींत कॅशलेस फक्त ॲडमिट झालेल्या रुग्णाला मिळतं. बाकीचं आधी खिशातून भरून मग मागायचं. अमेरिकेत रुग्ण रात्रभर खाटेवर असला, तरी त्याची नोंद ‘ऑब्झर्व्हेशन’ अशी असू शकते, म्हणजे कागदोपत्री तो बाह्यरुग्णच. डॉक्टरांना थेट विचारा, ‘ॲडमिट केलंय की ऑब्झर्व्हेशनमध्ये ठेवलंय?’ उत्तर लगेच असिस्टन्स कंपनीला कळवा.

दरम्यान नाशिकला धावपळ सुरू होते. आजार जुना आहे का, हे पाहण्यासाठी विमा कंपनी फॅमिली डॉक्टरांचे जुने कागद मागते. ते मिळेपर्यंत हमीपत्र अडतं. पॉलिसी घेताना मधुमेह लपवला असेल, तर क्लेम तिथेच बुडू शकतो. प्रीमियम थोडा वाचावा म्हणून ‘नाही’वर खूण करायला सांगणाऱ्या एजंटचं ऐकू नका. आणि मधुमेह सांगितला, म्हणजे सगळं मिळेल असंही नाही. जुन्या आजारासाठी पुष्कळ पॉलिसी फक्त जीव वाचवण्यापुरता खर्च देतात. ज्येष्ठांसाठी खोलीभाडं, शस्त्रक्रिया यांच्या वेगळ्या मर्यादाही असतात. त्या ओळी निघण्यापूर्वीच वाचा.

डिस्चार्ज मिळाला की सुटलो, असं वाटतं. मग टपाल सुरू होतं. हॉस्पिटलचं बिल वेगळं, डॉक्टरांचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं आणि ॲम्ब्युलन्सचं आणखी वेगळं, आणि ती काही आठवड्यांनंतरही येत राहतात. तोवर आई-बाबा परत आलेले असतात. प्रत्येक बिल पाठवणाऱ्याला केस नंबर कळवा आणि बिलाची प्रत असिस्टन्स कंपनीला पाठवा. दुर्लक्ष केलं, तर बिल वसुली एजन्सीकडे जातं. डिडक्टिबल, बहुधा शंभर डॉलर, तुम्हालाच भरावं लागतं.

खिशातून खर्च झाला असेल, तर एकूण रकमेची पावती पुरत नाही. तपशीलवार बिल मागा. हॉस्पिटलचा यूबी-०४ आणि डॉक्टरांचा सीएमएस-१५०० हे फॉर्म मागितले की बिलिंग विभागाला नेमकं कळतं. या फॉर्मसोबत डिस्चार्ज समरी, तपासण्यांचे अहवाल, पैसे भरल्याचा पुरावा, प्रवासाच्या तारखा दाखवणारी पासपोर्टची पानं, क्लेम फॉर्म आणि रद्द केलेला चेक जोडा.

आज रात्री झोपण्यापूर्वी तीन कामं करा: असिस्टन्सचा नंबर इकडच्या आणि तिकडच्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करा, पॉलिसी आणि पासपोर्टचे फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाका, आणि फॅमिली डॉक्टरांकडून चालू औषधांची यादी व आजारांचा इतिहास लेटरहेडवर इंग्रजीत लिहून मागा.