टेबलावर घेण्याआधीचं बोलणं

समजा, पनवेलजवळच्या गावातले 58 वर्षांचे शेतकरी ओपीडीत आलेत. उजव्या जांघेत गाठ आहे. खोकलं की येते, आडवं झालं की आपोआप आत जाते, दुखत नाही. ते म्हणतात, "डॉक्टर, लावणीच्या आधी एकदाचं उरकून टाका." आणि आपण लगेच तारीख देतो. इथेच एक पर्याय गिळला जातो, तो म्हणजे थांबण्याचा.

अमेरिकेत अशाच, फारसा त्रास नसलेल्या 720 पुरुषांवरचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. थांबलेल्यांपैकी तातडीची वेळ आली ती वर्षाला हजारी दोघांवरसुद्धा नाही. मात्र दहा वर्षांत सुमारे दोन तृतीयांश लोकांनी ऑपरेशन करून घेतलं, बहुतेकांनी दुखू लागलं म्हणून. ओपीडीत हे असं सांगता येतं: "काका, आज केलंच पाहिजे असं नाही. पण पुढेमागे बहुधा करावं लागेल. गाठ कडक झाली, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, तर रात्र असली तरी निघा." बायकांना, आणि फीमोरल हर्निया असेल तर कोणालाही, थांबायचा सल्ला देऊ नये, तिथे आतडं अडकण्याचा धोका बराच जास्त.

धोके सांगताना आपण रक्तस्राव, जंतुसंसर्ग, भूल हे घडाघडा म्हणून दाखवतो. खरी तक्रार घेऊन पेशंट परत येतो ती वेगळीच असते: जांघेतलं दुखणं. दहातल्या एकाला ते तीन महिन्यांनंतरही काही ना काही जाणवतं. काहींना इतकं, की कामावर परिणाम होतो. ज्यांचं पोट अंगमेहनतीवर आहे त्यांना हे आधी कळायला हवं. जाळीबद्दलही ते विचारणारच. पुण्याच्या डॉ. मोहन देसर्डा यांची जाळीविना पद्धत महाराष्ट्रात अनेकांच्या कानावर आहे. ती आपण करत नसू तर तसं सांगावं, उडवून लावू नये.

आणि वृषण. क्वचित त्याचा रक्तपुरवठा जातो आणि ते आक्रसतं. पुन्हा उद्भवलेल्या हर्नियात ही शक्यता वाढते, कधी ते काढावंही लागतं. नातेवाइकांसमोर हा विषय काढायला आपण संकोचतो, म्हणून तो फॉर्मवरही येत नाही. मग पेशंट भुलीखाली असताना बाहेर मुलाची सही मागितली जाते. समीरा कोहली खटल्यात (2008) सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच नाकारलं: पेशंट सज्ञान होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता, तरी आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले होते. दुर्बिणीने सुरू करून गरज पडल्यास उघडून करणं, प्रसंगी वृषण काढणं, या दोन ओळी मराठीत, आधीच, वेगळ्या लिहाव्यात आणि एकांतात समजावाव्यात.

"समजलं ना?" या प्रश्नाला सगळेच मान डोलावतात. त्याऐवजी म्हणावं, "घरी काकूंना काय सांगाल, ते मला सांगा." त्यात थांबण्याचा पर्याय किंवा दुखणं आलं नाही, तर सही पुढच्या ओपीडीला घ्यावी.