स्वतंत्र संचालक कोणाचा?

वाहनांच्या बॉडी बांधणारी 'कमर्शियल इंजिनिअर्स अँड बॉडी बिल्डर्स' ही जबलपूरची कंपनी २०१० मध्ये शेअर बाजारात आली. पुढे तिचा ताबा ज्युपिटर समूहाकडे गेला आणि २०२२ मध्ये याच समूहाची शेअर बाजाराबाहेरची कंपनी, ज्युपिटर वॅगन्स, तिच्यात विलीन झाली. विलीन झालेल्या कंपनीने तेच नाव धारण केले. असे विलीनीकरण कायदेशीर आहे आणि पुष्कळदा हिताचेही असते. पण त्यात एक पेच अटळ आहे. सौद्याच्या दोन्ही बाजूंना प्रवर्तकच बसलेले असतात. विलीन होणाऱ्या कंपनीचे मोल जास्त ठरले, तर प्रवर्तकांना अधिक समभाग मिळतात आणि जबलपूरच्या छोट्या भागधारकाचा वाटा तेवढ्याने आकसतो. गुंतवणूकदारांचे संरक्षण म्हणजे नेमके काय, याचे उत्तर मला या पेचातच सापडते.

हा पेच सोडवायला केवळ स्वतंत्र संचालक पुरत नाहीत, हे 'सत्यम'ने दाखवून दिले. १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमच्या संचालक मंडळाने राजू कुटुंबाच्या दोन मेटास कंपन्यांमध्ये सुमारे १६० कोटी डॉलर गुंतवण्यास मान्यता दिली. मंडळात नामवंत स्वतंत्र संचालक होते, तरीही ठराव संमत झाला. भागधारकांना मात्र कोणी विचारले नाही. गुंतवणूकदारांचा संताप उसळला आणि काही तासांतच सौदा मागे घ्यावा लागला. संचालकांनी जे अडवायला हवे होते, ते बाजाराने अडवले.

तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ रोजी, रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली. ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते, आणि जमा दाखवलेले ३७६ कोटींचे व्याजही काल्पनिक होते. येथे लेखापरीक्षण समितीची खरी कसोटी होती. कंपनीने पुढे केलेल्या ठेवपावत्यांवर विसंबून न राहता बँकांकडून शिलकीची थेट खातरजमा मागवली होती का? व्याज खरोखर खात्यात आले का, त्यावर बँकेने कर कापला का? हिशेब न जाणणाऱ्या सदस्यालाही हे प्रश्न विचारता आले असते.

त्यानंतर नियम बदलले आणि बरेच सुधारले. आज सूचीबद्ध कंपनीच्या लेखापरीक्षण समितीत किमान तीन संचालक हवेत, त्यांतले दोन तृतीयांश स्वतंत्र हवेत आणि अध्यक्षही स्वतंत्रच हवा. संबंधित पक्षांशी होणाऱ्या व्यवहारांना या समितीतील फक्त स्वतंत्र सदस्यच मान्यता देऊ शकतात. ठरावीक मर्यादेपलीकडचे व्यवहार भागधारकांपुढे न्यावे लागतात आणि तेथे संबंधित पक्षांना बाजूने मत देता येत नाही. प्रवर्तकांची बाजाराबाहेरची कंपनी विलीन करायची असेल, तर मूल्यांकनावर समितीचा अहवाल लागतो आणि सामान्य भागधारकांपैकी विरोधकांपेक्षा समर्थकांची मते अधिक भरावी लागतात. मला यातला शेवटचा उपाय सर्वांत मोलाचा वाटतो. ज्याचे हित गुंतले आहे त्याला निर्णयातून दूर ठेवणे, हे सद्गुणी माणसाच्या शोधापेक्षा अधिक भरवशाचे असते.

पण संचालक निवडतो कोण, हा प्रश्न उरतोच. २०२२ पासून सूचीबद्ध कंपनीत स्वतंत्र संचालकाच्या नेमणुकीसाठी विशेष ठराव, म्हणजे विरोधाच्या किमान तिप्पट मते, लागतात. प्रवर्तकांचा हिस्सा एक तृतीयांश असेल, तर ही अट त्यांना इतरांची मनधरणी करायला लावते. हिस्सा ७५ टक्क्यांच्या कमाल मर्यादेला भिडला असेल, तर ते एकट्याने ठराव संमत करू शकतात. अशा कंपनीत स्वतंत्र संचालकाची खुर्ची प्रत्यक्षात प्रवर्तकांच्या मर्जीवरच उभी असते. नेमणूक प्रवर्तकांना वगळून केवळ इतर भागधारकांच्या बहुमताने व्हावी, निदान लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षापुरती तरी, असे माझे मत आहे. यावर उद्योजकांचा आक्षेप आहे: ज्याची सर्वाधिक पुंजी गुंतली, त्यालाच मंडळ निवडता येऊ नये? त्यात तथ्य आहे. म्हणूनच ही मागणी संपूर्ण मंडळासाठी नाही.

तोवर भागधारकाच्या हाती दोन कागद आहेत. वार्षिक अहवालात लेखापरीक्षण समितीच्या बैठका आणि प्रत्येक सदस्याची उपस्थिती छापलेली असते. सभेनंतर जाहीर होणाऱ्या मतदानाच्या तपशिलात प्रवर्तक, संस्था आणि इतर भागधारक यांची मते वेगवेगळी दाखवलेली असतात. एखाद्या स्वतंत्र संचालकाला संस्थांनी मोठ्या प्रमाणावर नाकारले आणि तरीही तो प्रवर्तकांच्या मतांवर निवडून आला, तर तो कोणाचा संचालक आहे, हे त्या तक्त्यातच वाचता येते.