बारा लाखांची ऑफर, ६८,८०० हातात

भरतीच्या कामातल्या आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका उमेदवाराचा सीटीसी सध्या दहा लाख आहे आणि तो सगळा स्थिर आहे. आपण त्याला बारा लाख देतो. वीस टक्के वाढ म्हणून तो आनंदाने होकार कळवतो आणि जुन्या कंपनीत राजीनामा देतो. रुजू झाल्यावर पहिला पगार खात्यात येतो तो ६८,८०० रुपये. जुन्या नोकरीत त्याला सुमारे ७७,५०० मिळत होते. त्याला फसवल्यासारखे वाटते, आणि त्याचे चुकते असे मी म्हणणार नाही.

या ऑफरची महिन्याची फोड अशी आहे. बेसिक ५०,००० आणि घरभाडे भत्ता २५,०००. कंपनीचा पीएफचा हिस्सा ६,०००. ग्रॅच्युइटीची तरतूद, म्हणजे बेसिकच्या ४.८१ टक्के, २,४०५. आरोग्य विम्याचा हप्ता १,५९५ आणि व्हेरिएबल १५,०००. बेरीज बरोबर एक लाख होते. पगारपत्रकावर मात्र फक्त ७५,००० येतात. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ ६,००० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) कापला जातो. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत या उत्पन्नावर प्राप्तिकर लागत नाही, म्हणजे करालाही दोष देता येत नाही.

मग फरक कुठून आला? मोठा वाटा पीएफचा आहे. कायद्याची वेतनमर्यादा १५,००० आहे, म्हणून काही कंपन्या दोन्ही बाजूंनी १,८०० रुपयेच भरतात. जुनी कंपनी तेच करत होती. आपण पूर्ण बेसिकवर बारा टक्के भरतो. आपणही १,८०० वर थांबलो आणि उरलेले ४,२०० भत्त्यात घातले, तर त्याच बारा लाखांत हातात ७७,२०० येतील. महिन्याला ८,४०० चा हा फरक बुडालेला नाही, तो त्याच्याच पीएफ खात्यात जमा होतो. पण घराचा हप्ता भरणाऱ्या माणसाला तो महिन्याच्या एक तारखेला लागतो, निवृत्तीला नाही. पीएफ कोणत्या रकमेवर कापला जाणार आणि त्यात निवडीला वाव आहे का, हे त्याला होकार देण्याआधी कळायला हवे.

दुसरा वाटा व्हेरिएबलचा. नीट पाहिले तर दोन लाखांच्या वाढीतले एक लाख ऐंशी हजार व्हेरिएबलमध्ये आहेत. स्थिर भागात वाढ झाली ती वर्षाला फक्त वीस हजारांची. शिवाय एक लाख ऐंशी हजार हे लक्ष्य आहे, हमी नाही. समजा, त्या वर्षी कंपनीचा गुणांक ८० टक्के आणि त्याचा स्वतःचा ९० टक्के आला. दोन्हींची सरासरी धरणाऱ्या कंपनीत त्याला १,५३,००० मिळतील, गुणाकार करणाऱ्या कंपनीत १,२९,६००. ही पद्धत धोरणाच्या कागदात असते, ऑफर लेटरमध्ये क्वचितच दिसते. त्याहून जास्त वाद होतात ते वाटपाच्या तारखेवरून. ‘त्या दिवशी नोकरीत असणे आवश्यक’ ही अट अनेक ठिकाणी असते, आणि नोटीस पिरियडमध्ये असलेल्यालाही काही कंपन्या वगळतात. वर्ष संपता संपता रुजू होणाऱ्याला पहिल्या वर्षी काहीच मिळत नाही, असेही घडते.

ग्रॅच्युइटीबद्दल एवढेच की, कायम कर्मचाऱ्याला साधारणपणे पाच वर्षे सलग सेवेनंतरच ती मिळते. तीन वर्षांत नोकरी सोडणाऱ्यासाठी ते २,४०५ कागदावरच राहतात. सीटीसीत ती रक्कम दाखवायचीच असेल, तर शेजारी ही अट छापावी.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू झाल्या आहेत. वेतनाच्या नव्या व्याख्येनुसार वगळलेले घटक एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनात धरली जाते. स्पेशल अलाउन्स वगळलेल्या घटकांच्या यादीत नाही. बेसिक तीस-पस्तीस टक्क्यांवर ठेवून उरलेले स्पेशल अलाउन्समध्ये टाकणारे जुने साचे अजून कुणाकडे असतील, तर ग्रॅच्युइटीचा आकडा पुन्हा मांडावा लागेल.

आमचा आग्रह साधा आहे. ऑफर लेटरच्या जोडपत्रात दरमहा हातात येणारी रक्कम रुपयांत लिहा. पीएफ कशावर कापणार ते लिहा. व्हेरिएबलचे एक सोडवलेले उदाहरण द्या, तेही गुणांक शंभर टक्क्यांपेक्षा कमी धरून. उमेदवाराकडे जुन्या कंपनीची एक पगारपावती असतेच. दोन्ही कागद शेजारी ठेवून त्याच्याशी पंधरा मिनिटे फोनवर बोला, आणि हे सगळे त्याने राजीनामा देण्याआधी करा.